मालाचे शीर्षक आणि ऑनलाइन शोध : कोल्हापुरी चप्पल विक्रेत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थानिक व्यापारी संघाच्या सभासदांसमोर करावयाच्या भाषणाचे हे प्रश्नोत्तर स्वरूप आहे. उदाहरण म्हणून एकच माल शेवटपर्यंत घेतला आहे आणि तो म्हणजे कोल्हापुरी चप्पल, कारण चप्पल लाईनमधील अनेक दुकानदार आता अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर विक्री करतात आणि "माल टाकला आहे, पण कुणाला दिसतच नाही" ही त्यांची पहिली तक्रार असते. साडी, गूळ किंवा चांदीचे दागिने विकणाऱ्यांना तपशील बदलावे लागतील, परंतु पद्धत तीच राहील.

शीर्षक म्हणजे नेमके काय? मालाचे नाव तर बिलावरही असते.

बिलावरील नाव आपल्या हिशेबासाठी असते. "केपी-12 टॅन" एवढे लिहिले तरी आपल्याला आणि आपल्या मुनिमाला माल कळतो. ऑनलाइन यादीतील शीर्षक हे अनोळखी गिऱ्हाईक आणि शोधयंत्र या दोघांसाठी असते. अ‍ॅमेझॉनच्या विक्रेता पटलावर हा रकाना Item Name या नावाने येतो, तर गुगलवर मालाची यादी पाठवताना त्याला title म्हणतात. शोधाच्या निकालात फोटो, किंमत, तारे आणि शीर्षक एवढेच दिसते. आपण कष्टाने लिहिलेले लांबलचक वर्णन त्या टप्प्यावर कुणीही वाचत नाही, कारण ते वाचण्यासाठी आधी मालावर बोट ठेवावे लागते.

यंत्र माल शोधते कसे? ते फोटो पाहत नाही का?

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. "हिरडा : पान 41, 87" असे तिथे छापलेले असते आणि वाचक पूर्ण पुस्तक न चाळता थेट त्या पानावर जातो. शोधयंत्राची रचना मुळात अशीच आहे. आपण माल यादीत चढवतो तेव्हा यंत्र शीर्षकातील, मुद्द्यांतील आणि इतर रकान्यांतील शब्द सुटे करते आणि प्रत्येक शब्दापुढे "हा शब्द अमुक मालात आहे" अशी नोंद ठेवते. गिऱ्हाइकाने kolhapuri chappal for men असे टंकले की या शब्दांखालच्या नोंदी काढल्या जातात, जो माल त्यांत बसतो तो बाजूला घेतला जातो आणि मग त्या निवडलेल्या मालाचा क्रम लावला जातो.

म्हणजे हे काम दोन टप्प्यांत होते. आधी निवड होते आणि नंतर क्रम लागतो. जो माल निवडीतच आला नाही, त्याची किंमत कितीही रास्त असो आणि चामडे कितीही उत्तम असो, त्याचा क्रम लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शीर्षकाचे मुख्य काम या पहिल्या टप्प्यातले आहे.

अलीकडची यंत्रे समानार्थी शब्द, एकवचन-अनेकवचन आणि नेहमीच्या स्पेलिंगच्या चुका बऱ्याच प्रमाणात ओळखतात, तसेच चित्रांचाही काही उपयोग करतात. तरीही "फोटोत कोल्हापुरी दिसतेच आहे" या भरवशावर शीर्षकातून तो शब्द गाळणे म्हणजे यंत्राच्या अंदाजावर धंदा सोडणे होय.

हे शब्द वर्णनात लिहिले तर चालणार नाही का?

वर्णनातही लिहावेत. मात्र सगळ्या रकान्यांना सारखे वजन नसते. कोणत्या रकान्याला नेमके किती वजन द्यायचे हे कंपन्या जाहीर करत नाहीत, त्यामुळे टक्केवारी सांगणाऱ्या सल्लागारांपासून सावध राहावे. शीर्षक हा मालाची ओळख सांगणारा सर्वांत महत्त्वाचा मजकूर धरला जातो, हे मात्र विक्रेत्यांसाठीच्या मार्गदर्शनातून स्पष्ट होते. दुसरे कारण साधे आहे. शीर्षक यंत्रही वाचते आणि माणूसही वाचतो. यंत्राने माल निवडला, पण शीर्षक वाचून गिऱ्हाइकाला आपल्याला हवी ती वस्तू हीच आहे याची खात्री पटली नाही, तर ते पुढे सरकते. माल दिसूनही कुणी उघडत नाही ही माहिती यंत्राकडे साठत जाते आणि तिचा परिणाम पुढे क्रमावर होऊ शकतो.

एखादे शीर्षक प्रत्यक्ष दुरुस्त करून दाखवाल का?

पुरुषांसाठीच्या कापशी चपलेला दिलेले हे शीर्षक पाहा. या धाटणीची शीर्षके बाजारात ढिगाने आहेत.

```
New Fancy Stylish Gents Sandal Best Quality Lowest Price!!!
```

यात सगळ्यात मोठी उणीव अशी की kolhapuri हा शब्द नाही आणि chappal हाही नाही. कोल्हापुरी घ्यायला निघालेले गिऱ्हाईक बहुधा हेच दोन शब्द टंकते आणि नेमके तेच गायब आहेत. आता उरलेले शब्द तपासू. New, Fancy आणि Stylish हे शब्द कोणत्याही चपलेला लागू पडतात, म्हणून ते आपला माल इतरांपासून वेगळा काढत नाहीत. Best Quality आणि Lowest Price ही जाहिरात आहे. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत शीर्षकातील जाहिरातबाजी बसत नाही आणि उद्गारचिन्हही चालत नाही, त्यामुळे हे शीर्षक नाकारले जाण्याची किंवा शोधातून दडवले जाण्याची शक्यता आहे. Gents हा आपल्या दुकानातला शब्द आहे, परंतु यादीत आणि निकाल कमी करण्यासाठी बाजूला दिलेल्या गाळण्यांत तोच विभाग Men या नावाने असतो. शेवटी उरतो Sandal. तो चुकीचा नाही, पण एकटा पडल्यामुळे आपली चपल लाखो सँडलांच्या गर्दीत जाऊन पडते.

नवे शीर्षक बांधताना एकच प्रश्न विचारायचा : गिऱ्हाईक ही वस्तू मागताना कोणते शब्द वापरेल, आणि ती दुसऱ्या वस्तूपासून वेगळी कशी ओळखेल? आधी वस्तूची ओळख, मग कुणासाठी, मग घडण आणि चामडे, मग प्रकार, शेवटी रंग व माप असा क्रम लावला की पुढील शीर्षक तयार होते. BRAND च्या जागी आपली नोंदलेली छाप लिहावी.

```
BRAND Kolhapuri Chappal for Men, Handmade Leather Kapshi, Tan, UK 8
```

जागा आणि स्वल्पविराम धरून ही 67 अक्षरे होतात. Kapshi हा शब्द थोडेच लोक टंकतील, हे खरे आहे. पण जो टंकतो त्याला कापशी म्हणजे काय हे ठाऊक असते आणि तो बघ्या नसून घेणारा असतो. शिवाय तो शब्द असलेली शीर्षके कमी, त्यामुळे तिथे स्पर्धाही कमी. पुकरी, कचकडी, बक्कलनाळी विकणाऱ्यांनीही प्रकाराचे नाव गाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला रोजचे वाटणारे हे शब्द बाहेरच्या विक्रेत्याला सुचतच नाहीत.

एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी. एकाच चपलेची अनेक मापे आणि रंग एका गटात जोडले असतील, तर गटाच्या मुख्य शीर्षकात रंग व माप लिहायचे नाही, ते फक्त त्या त्या उपमालाच्या शीर्षकात लिहायचे. अन्यथा आठ नंबरची चपल शोधणाऱ्याला सहा नंबरचे शीर्षक दिसते आणि तो निघून जातो.

शीर्षक किती लांब असावे?

अ‍ॅमेझॉनने 21 जानेवारी 2025 पासून बहुतेक विभागांसाठी जागा धरून 200 अक्षरांची कमाल मर्यादा लागू केली आणि एकच शब्द दोनपेक्षा अधिक वेळा वापरण्यास मनाई केली. for, and, the यांसारख्या जोडशब्दांना त्यातून सूट आहे. गुगलवर मालाची यादी पाठवताना शीर्षकाची मर्यादा 150 अक्षरे आहे. काही विभागांच्या मर्यादा याहून कमी असतात, म्हणून माल चढवण्यापूर्वी आपल्या विभागाचा नियम पाहून घ्यावा.

मर्यादा 200 ची आहे म्हणून 200 अक्षरे भरलीच पाहिजेत असे नाही. मोबाइलवरील निकालात शीर्षक मध्येच तुटते आणि साधारणपणे पहिली 70 अक्षरेच नजरेस पडतात असे धरून चालावे. त्यामुळे वस्तूची पूर्ण ओळख त्या पहिल्या भागात आली पाहिजे. छापेचे नाव फार लांब असेल तर हीच अडचण होते. दुकानाचे "अमुक अँड सन्स लेदर फुटवेअर मार्ट" असे पूर्ण नाव शीर्षकाच्या सुरुवातीला टाकले, तर चपल हा शब्द येण्यापूर्वीच जागा संपते.

शीर्षक इंग्रजीत लिहावे की मराठीत?

यंत्राच्या दृष्टीने "कोल्हापुरी" आणि kolhapuri ही दोन वेगळी अक्षरमालिका आहेत. गुगल आणि मोठ्या बाजारपेठा त्यांचा संबंध बऱ्याच वेळा जोडतात, पण प्रत्येक वेळी जोडतीलच असे नाही. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांचे पडदे मराठीत पाहता येतात, तरी विक्रेत्याने शीर्षक सहसा इंग्रजीतच भरायचे असते आणि भाषांतर बाजारपेठ स्वतः करते. म्हणून तिथे इंग्रजी शीर्षकच ठेवावे आणि मराठी शब्द हवेच असतील तर शोधशब्दांच्या छुप्या रकान्यात द्यावेत.

त्या रकान्याची मर्यादा मात्र अक्षरांत मोजली जात नाही, ती बाइटमध्ये मोजली जाते आणि इथे पुष्कळ जण फसतात. इंग्रजी अक्षर 1 बाइट घेते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, 3 बाइट घेते. chappal लिहायला 7 बाइट लागतात आणि "चप्पल" लिहायला 15. "कोल्हापुरी" हा एक शब्द 30 बाइट खातो. त्यामुळे "कोल्हापुरी चप्पल", "पायताण" असे दोन-तीन नेमके शब्द घेऊन उरलेली जागा इंग्रजी पर्यायांसाठी ठेवावी.

स्वतःच्या संकेतस्थळावर असे बंधन नाही. तिथे मराठी आणि इंग्रजी अशी दोन स्वतंत्र पाने करून प्रत्येकाला त्या त्या भाषेचे शीर्षक देणे सर्वांत चांगले. एकाच शीर्षकात दोन्ही लिप्या कोंबल्या की ते दोन्ही वाचकांना अर्धवट दिसते.

चप्पल, सँडल, स्लिपर, फ्लॅट असे सगळेच शब्द घातले तर जास्त लोकांना दिसेल ना?

दिसेल कदाचित, पण चुकीच्या लोकांना. slipper शोधणाऱ्याला बहुधा घरात घालायची रबरी चपल हवी असते. आपली हजाराच्या वरची चामडी चपल त्याला दिसली तरी तो उघडत नाही. मग माल अनेकदा दिसला आणि फारसा उघडला गेला नाही अशी नोंद जमा होते, आणि ती आपल्या उपयोगाची नाही. वस्तूला खरोखर लागू पडणारा एखादा पर्यायी शब्द, उदाहरणार्थ परदेशी गिऱ्हाइकांसाठी sandals, शीर्षकात सहज बसत असेल तर घ्यावा. बाकीचे पर्याय छुप्या रकान्यात जावेत.

दुसऱ्या कंपनीच्या छापेचे नाव आपल्या शीर्षकात घालणे नियमबाह्य आहे आणि त्यातून व्यापारचिन्हाचा दावाही उभा राहू शकतो.

लोक खरोखर काय टंकतात हे आम्हाला कसे कळणार?

बाजारपेठेच्या शोधपट्टीत kolhapuri एवढेच टंकून थांबावे. खाली ज्या सूचना उघडतात त्या इतर गिऱ्हाइकांच्या शोधांवर आधारलेल्या असतात. पुढे m, w, l अशी एकेक अक्षरे घालून पाहिले की पुरुषांसाठीचे, स्त्रियांसाठीचे आणि चामड्यासंबंधीचे शब्द बाहेर येतात. आपल्या जुन्या शोधांची भेसळ होऊ नये म्हणून हे काम खात्यातून बाहेर पडून खासगी खिडकीत करावे.

याहून भक्कम माहिती जाहिरातीच्या अहवालातून मिळते. अ‍ॅमेझॉनवर स्वयंचलित पद्धतीची छोटी जाहिरात काही दिवस चालवली, तर तिच्या Search Term अहवालात गिऱ्हाइकांनी टंकलेले मूळ शब्द, त्यावरून मालावर पडलेली बोटे आणि झालेली विक्री असे सगळे वेगवेगळे दिसते. ज्या शब्दांवर प्रत्यक्ष विक्री झाली ते शब्द शीर्षकात येण्यास पात्र ठरतात. मला हा खर्च वाया जाणारा वाटत नाही.

आमची चपल कोल्हापुरात बनत नाही, पण दिसायला तशीच आहे. शीर्षकात "कोल्हापुरी" लिहावे का?

हा प्रश्न शोधापेक्षा कायद्याचा अधिक आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांपुरते आहे. 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार माल त्या प्रदेशातला नसताना तसा भास निर्माण करणारे नाव वापरणे हे मानांकनाचे उल्लंघन ठरू शकते, आणि Kolhapuri Style असे लिहून त्यातून सुटका होईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

जे खरोखर या जिल्ह्यांतला माल विकतात त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. हस्तकलेच्या बाबतीत कायद्यातील "उत्पादक" या व्याख्येत त्या मालाचा व्यापार करणाराही येतो, त्यामुळे ही वाट फक्त कारागिरांसाठीच खुली आहे असे नाही. अर्ज चेन्नई येथील भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे करायचा असतो. आपल्या नावाविरुद्ध बाजारपेठेत तक्रार आली, किंवा आपल्यालाच नकली मालाविरुद्ध तक्रार करायची असली, तर ही नोंदणी हाताशी असणे उपयोगाचे ठरते.

रेक्झिनच्या चपलेला Leather म्हणणे तर सरळ फसवणूक आहे. त्याने निवडीत माल येतो, विक्रीही होते, आणि मग परत पाठवलेल्या मालाचे गठ्ठे व एका ताऱ्याचे अभिप्राय घरी येतात.

शीर्षक नीट केले तरी माल वर येत नाही. असे का?

कारण शीर्षक निवडीचे काम करते, क्रमाचे काम ते एकटे करत नाही. क्रम लावताना आधीची विक्री, किंमत, अभिप्राय, मालाचा साठा आणि पोचवण्याचा वेग अशा बाबी विचारात घेतल्या जातात. आठ नंबर संपलेला असेल तर आठ नंबर शोधणाऱ्यापुढे आपली यादी मागे पडणे साहजिक आहे.

त्याशिवाय एक बाब हमखास राहून जाते, ती म्हणजे इतर रकाने. गिऱ्हाईक बाजूच्या गाळणीत "चामडे" आणि "तपकिरी" अशी खूण करते, तेव्हा यंत्र शीर्षकाऐवजी साहित्य, रंग आणि माप यांचे स्वतंत्र रकाने पाहते. शीर्षकात Leather लिहिले आणि साहित्याचा रकाना रिकामा ठेवला, तर खूण करताच आपला माल यादीतून नाहीसा होतो.

बदलाचा उपयोग झाला की नाही, हे कसे ओळखावे?

आधी माल त्या शब्दाखाली नोंदला गेला आहे का हे पाहावे. अ‍ॅमेझॉनवर प्रत्येक मालाला ASIN नावाचा दहा अक्षरांचा क्रमांक असतो. तो क्रमांक आणि तपासायचा शब्द शोधपट्टीत एकत्र टंकावा, उदाहरणार्थ :

```
B0XXXXXXXX kapshi
```

आपला माल समोर आला तर तो शब्द त्याच्याशी जोडला गेला असे सामान्यतः मानता येते. काहीच आले नाही, तर यंत्राने अजून नोंद घेतलेली नाही किंवा शीर्षक नाकारले गेले आहे. ही विक्रेत्यांची कामचलाऊ कसोटी आहे, अधिकृत साधन नव्हे, आणि बदलानंतर लगेच करण्यापेक्षा एक-दोन दिवस थांबून केलेली बरी.

त्यानंतर तीन आकडे वेगवेगळे पाहावेत : माल किती वेळा दिसला, किती जणांनी उघडला आणि किती जणांनी घेतला. दिसण्याचा आकडाच कमी असेल तर शीर्षकातील शब्द चुकले आहेत असा संशय घ्यावा. दिसतो पण उघडत नाहीत, तर दोष शीर्षकाच्या सुरुवातीच्या भागात, फोटोत किंवा किमतीत असतो. उघडतात पण घेत नाहीत, तर शीर्षकाने दिलेले वचन आतल्या पानाने पाळलेले नसते किंवा मापाचा तक्ता नसतो. तिथे शीर्षक पुन्हा बदलण्यात अर्थ नाही. किंमत, फोटो आणि शीर्षक एकाच दिवशी बदलले, तर कोणत्या बदलाने फरक पडला हे कधीच कळत नाही. गणपती किंवा दिवाळीच्या आठवड्यातील आकड्यांची तुलना साध्या आठवड्याशी करू नये.

आम्ही बदललेले शीर्षक दिसतच नाही. कुणी परत बदलले?

अ‍ॅमेझॉनवर एकाच ASIN वर अनेक विक्रेते असू शकतात आणि शीर्षक मात्र सगळ्यांसाठी एकच असते. छापेची नोंदणी ज्याच्याकडे आहे त्याच्या मजकुराला सहसा प्राधान्य मिळते. आपण दुसऱ्याच्या यादीवर माल जोडला असेल तर आपला बदल स्वीकारला जाईलच असे नाही. स्वतःची छाप नोंदवून स्वतंत्र यादी करणे हा त्यावरचा उपाय आहे.

फ्लिपकार्टवर बऱ्याच विभागांत शीर्षक आपण लिहीतच नाही. छाप, प्रकार, रंग, कुणासाठी अशा रकान्यांतून ते आपोआप जुळवले जाते, त्यामुळे तिथे शीर्षक सुधारायचे म्हणजे ते रकाने सुधारायचे.

स्वतःच्या संकेतस्थळावर काय करावे?

प्रत्येक मालाचे वेगळे पान आणि प्रत्येक पानाला वेगळे शीर्षक हवे. अनेक दुकानांच्या संकेतस्थळांवर सगळ्या पानांचे शीर्षक "Home" किंवा नुसते दुकानाचे नाव असते, आणि गुगलला पाने एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. संकेतस्थळ बनवणाऱ्याला पुढील ओळ दाखवून प्रत्येक पानात तशी ओळ आहे का, हे विचारावे.

```html
<title>Kapshi Kolhapuri Chappal for Men, Tan Leather | BRAND</title>
```

पानावर ठळक दिसणारे नाव आणि ही ओळ यांचा मेळ असावा. मेळ नसला किंवा ओळीत शब्दांचा नुसता भडिमार असला, तर गुगल निकालात स्वतःच्या पसंतीचे शीर्षक दाखवू शकते.

मग गुगल नकाशावरील दुकानाच्या नावातही "बेस्ट कोल्हापुरी चप्पल शॉप" असे शब्द घालू का?

घालू नयेत. तिथे पाटीवर आहे तेच नाव द्यावे असा गुगलचा नियम आहे आणि नावात जादा शब्द भरल्यास नोंद निलंबित होऊ शकते. चपलांचे प्रकार त्याच नोंदीतील उत्पादनांच्या भागात, प्रत्येकाला स्वतंत्र नाव देऊन लिहावेत.